पेस्ट केलं की फाँट बदलतो, ओळी फाटतात: एका दूध संस्थेच्या अहवालाचा मसुदा सरळ करताना

ऑगस्ट सुरू झाला की आमच्याकडे, कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, अहवालांचा हंगाम सुरू होतो. सहकारी संस्थांना सप्टेंबरअखेर वार्षिक सभा घ्यावी लागते, त्याआधी छापील अहवाल सभासदांच्या हातात पडायला हवा. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचं काम मी करते. मजकूर मात्र संस्थेचे सचिव स्वतः वर्डमध्ये गोळा करून पाठवतात. दरवर्षी, दर संस्थेकडून, एक फोन ठरलेला असतो. यंदा तो करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा आला.

"ताई, काय बी पेस्ट केलं की फाँट बदलाय लागलाय. एक ओळ बारीक, एक मोठी. आणि मधी मधी 'ण' यायलाय. मी टाइप केलेला न्हाई."

मी नेहमीचं उत्तर दिलं: साधा मजकूर म्हणून पेस्ट करा, अण्णा. अर्ध्या तासानं परत फोन. "तुमी सांगितल्यागत केलं, तर गेल्या वर्षीचं सगळं इंग्रजी होऊन बसलंय."

दोन्ही वेळा ते खरं सांगत होते. माझं उत्तर अर्धवट होतं आणि अर्धवट उत्तरानं त्यांचं काम वाढलं. म्हणून त्या फाइलमध्ये नेमकं काय झालं होतं आणि ते कसं ओळखलं, हे सविस्तर लिहिते आहे. अशा फाइली जिल्ह्यात अजून शेकड्यानं फिरत असणार, याबद्दल मला शंका नाही.

कॉपी केल्यावर काय उचललं जातं

आपण एखादा शब्द निवडून Ctrl+C दाबतो तेव्हा एकच गोष्ट उचलली जाते असं वाटतं. प्रत्यक्षात कॉपी करून देणारा प्रोग्रॅम तोच मजकूर क्लिपबोर्डवर एकाच वेळी दोन-तीन रूपांत ठेवतो. एक रूप नुसत्या अक्षरांचं असतं. दुसरं सजावटीसकट असतं: कोणता फाँट, किती आकार, कोणता रंग, मागे पांढरा पट्टा आहे का, ओळींत अंतर किती. वेबपानावरून 'दूध' हा शब्द उचलला तर सजावटीच्या रूपात साधारण असं काहीतरी असतं:

```
<span style="font-family:Roboto; font-size:18px;
background:#ffffff">दूध</span>
```

आणि साध्या रूपात फक्त 'दूध', एवढंच.

यातलं कोणतं रूप घ्यायचं हे पेस्ट करून घेणारा प्रोग्रॅम ठरवतो. साधा मजकूरच ठेवणारा एडिटर अक्षरं घेतो आणि बाकीचं सोडून देतो. वर्ड सजावटीचं रूप पसंत करतो, कारण तक्ते, ठळक अक्षरं, चित्रं त्याला सांभाळता येतात. म्हणून तोच मजकूर एकीकडे निमूट बसतो आणि दुसरीकडे मसुद्याचा चेहरा बदलून टाकतो. मसुद्यात आधी ठरवलेला फाँट कुठे गेलेला नसतो. आलेल्या मजकुरानं स्वतःचे कपडे अंगावर ठेवले, इतकंच.

वर्डमध्ये पेस्ट केल्यावर मजकुराच्या शेवटी एक छोटं चौकोनी बटण उमटतं. त्यात तीन पर्याय महत्त्वाचे. `Keep Source Formatting` म्हणजे आलेले कपडे तसेच ठेव. `Merge Formatting` म्हणजे इथले कपडे घाल, पण मधला एखादा शब्द ठळक किंवा तिरपा असेल तर तेवढं राहू दे. `Keep Text Only` म्हणजे नुसती अक्षरं. माउस न लावता करायचं तर Ctrl+V दाबून सोडा, मग एकदा Ctrl, आणि मग T. ही सवय मी सगळ्यांना लावते, कारण Ctrl+Shift+V चा भरवसा नसतो. नव्या वर्डमध्ये आणि गूगल डॉक्समध्ये ती कळ साधा मजकूर पेस्ट करते, पण जुन्या वर्डमध्ये तीच कळ Ctrl+Shift+C ची जोडीदार आहे आणि फक्त सजावट चिकटवते. आमच्या गिऱ्हाइकांकडे दोन्ही प्रकारची वर्ड आहेत.

अण्णांच्या मसुद्यात जनावरांच्या लसीकरणावरचा लेख वेबपानावरून आला होता. त्याची अक्षरं करडी, आकार मोठा, मागे पांढरा पट्टा. तिथे Ctrl+Z करून नुसती अक्षरं पेस्ट केली आणि लेख गुमान जागेवर बसला. माझं नेहमीचं उत्तर इथवर बरोबर होतं. यापुढे ते चुकतं.

गेल्या वर्षीचं 'इंग्रजी' का झालं

अण्णांनी गेल्या वर्षीच्या अहवालातून 'सभासदांना सूचना' हा भाग उचलला होता. त्या फाइलमध्ये तो स्वच्छ मराठीत दिसत होता. मसुद्यात दुसऱ्या फाँटच्या ओळीखाली नुसती अक्षरं पेस्ट केल्यावर त्यातले शब्द असे दिसू लागले:

```
lHkkln   nw/k   dksYgkiwj
```

हे 'सभासद', 'दूध', 'कोल्हापूर' आहेत. गेल्या वर्षीची फाइल कृतिदेव फाँटमध्ये होती. कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फाँट, आयएसएमचे डीव्ही फाँट ही सगळी युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र पोचण्याआधीची सोय. तेव्हा संगणकाला मराठी अक्षरांचे वेगळे क्रमांक देण्याऐवजी इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर मराठी चित्रं बसवली. फाइलमध्ये साठवलेलं असतं `d`, फाँट त्या जागी 'क' चितारतो. `n` साठवलेलं असतं, 'द' दिसतो. म्हणजे त्या फाइलमध्ये मराठी अक्षर असं एकही नसतं. मराठी असते ती फक्त फाँटमध्ये.

म्हणून सजावट काढून टाका हा सल्ला इथे घातक ठरतो. युनिकोड मजकुरात फाँट हा कपडा आहे, काढला तरी माणूस तोच राहतो. कृतिदेवमध्ये फाँट हाच अर्थ आहे, तो काढला की उरतात ती रोमन अक्षरं. साध्या मजकुरानं काही बिघडवलं नव्हतं, त्यानं आत जे होतं तेच दाखवलं.

ओळखायची कसोटी सोपी आहे आणि ती प्रत्येक जुन्या फाइलवर आधी लावा. फाइलची एक प्रत करा, त्यातला एक परिच्छेद निवडा आणि फाँट Arial करा. मराठी तशीच राहिली तर मजकूर युनिकोड आहे. (Arial मध्ये देवनागरी अक्षरं नाहीत, तरी ती दिसतात, कारण संगणक अशा वेळी Nirmala UI किंवा Mangal सारखा मदतीचा फाँट गुपचूप वापरतो.) मराठी जाऊन रोमन खिचडी झाली तर मजकूर जुन्या फाँटचा आहे आणि तो पेस्ट करण्याआधी युनिकोडमध्ये रूपांतरित करायला हवा.

रूपांतरक त्याच फाँटचा हवा. कृतिदेवचा रूपांतरक श्रीलिपीच्या मजकुराला चालत नाही, कारण कोणतं चित्र कोणत्या जागेवर बसवायचं हे प्रत्येक घराण्यानं वेगळं ठरवलं होतं. फाँटचं नाव कळण्यासाठी मजकुरात कर्सर ठेवून वर फाँटच्या चौकटीत बघा. तो फाँट तुमच्या संगणकावर बसवलेला नसला तरी नाव बहुधा तिथे दिसतं.

रूपांतरानंतर चुका कुठे सापडतात तेही ठरलेलं आहे. कृतिदेवमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमानं नाही. 'किती' हा शब्द `fdrh` असा असतो: आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. रफार उलटा: युनिकोडमध्ये तो अक्षराच्या आधी साठतो, कृतिदेवमध्ये नंतर. रूपांतरकाला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षरावर ऱ्हस्व वेलांटी किंवा रफार आला की तिथे तो चुकू शकतो. मी रूपांतरित मजकूर वाचताना सगळ्यात आधी याच जागा बघते.

दुसरी अडचण जास्त फसवी. जुन्या मजकुरात मधेच खरा इंग्रजी शब्द असतो, अण्णांच्या फाइलमध्ये दुधाच्या प्रतीचा FAT आणि SNF होता. फाइलमध्ये तो रोमन अक्षरांतच आणि शेजारची मराठीही रोमन अक्षरांतच. दोन्हींत फरक फक्त फाँटचा. नुसती अक्षरं रूपांतरकात टाकली की तो FAT लाही कृतिदेव समजतो आणि त्याचं भलतंच काही करतो. यावर मला चांगला यांत्रिक उपाय सापडलेला नाही. जुन्या फाइलची छापील प्रत किंवा पीडीएफ शेजारी ठेवायची, इंग्रजी शब्दांवर पेन्सिलनं खूण करायची आणि रूपांतरानंतर ते हातानं टाइप करायचे. अण्णांच्या चार पानांत असे अकरा शब्द निघाले.

मधेच येणारा 'ण्'

आता पहिल्या फोनमधली तक्रार. अध्यक्षांचं मनोगत त्यांच्या मुलानं मोबाइलवर टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर युनिकोडच असतो आणि कॉपी करताना साधाच येतो. ठळक केलेल्या शब्दांभोवती तारे तेवढे राहतात, ते काढले की झालं. इथे काही बिघडायला नको होतं. तरी मसुद्यात वाक्य असं दिसत होतं: 'या वर्षी संकलन वाढलेए पण चारा महागला ण्'

स्वल्पविरामाच्या जागी 'ए' आणि पूर्णविरामाच्या जागी पाय मोडलेला 'ण्'. बाकी सगळी मराठी शुद्ध. ही खूण पाठ करून ठेवावी अशी आहे, कारण ती एकाच गोष्टीकडे बोट दाखवते. कृतिदेवमध्ये स्वल्पविरामाच्या जागेवर 'ए' हे चित्र आहे आणि टिंबाच्या जागेवर अर्धा ण. म्हणजे मनोगतातली विरामचिन्हं कृतिदेवमध्ये दाखवली जात होती. पण मग शेजारची अक्षरं नीट कशी?

वर्ड प्रत्येक मजकुरासाठी एक फाँट लक्षात ठेवत नाही, वेगवेगळ्या लिप्यांसाठी वेगळे खण ठेवतो. आपल्या कामाचे त्यातले दोन: एक रोमन अक्षरांसाठी, एक देवनागरीसारख्या गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी. देवनागरी अक्षर दिसलं की तो दुसऱ्या खणातला फाँट काढतो. पूर्णविराम, स्वल्पविराम, कंस, आडवी रेघ आणि इंग्रजी आकडे मात्र बहुतेक वेळा पहिल्या खणातल्या फाँटनं दाखवले जातात. अण्णांनी नवा मसुदा नव्या फाइलवर सुरू केला नव्हता. गेल्या वर्षीची फाइल उघडून, मजकूर पुसून, `Save As` केली होती. तिच्या `Normal` शैलीत पहिल्या खणात अजून कृतिदेव बसलेला होता. नुसती अक्षरं पेस्ट केली की ती कर्सर जिथे आहे तिथले कपडे घालतात, आणि इथे ते कपडेच कृतिदेवचे होते.

खात्री करायला शंकास्पद शब्दात कर्सर ठेवून Shift+F1 दाबायचं. उजवीकडे `Reveal Formatting` ची पट्टी उघडते. अण्णांच्या मनोगतात तिथे `(Default) Kruti Dev 010` आणि `(Complex) Mangal` अशी दोन नावं होती, आणि `Complex Script Font` चा आकारही वेगळा दिसत होता. एक ओळ बारीक, एक मोठी ही तक्रार इथेच उलगडली. आकारसुद्धा दोन खणांत वेगवेगळा साठतो. शैलीत आकार १४ केला तरी तो रोमन खणातच गेला असेल तर मराठी अक्षरं १० वरच राहतात, आणि लोक वैतागून ओळीओळीला हातानं आकार देत बसतात.

दुरुस्ती शैलीत करायची, मजकुरात नाही. आधी `File > Options > Language` मध्ये मराठी जोडलेली आहे का ते बघा. ती नसेल तर फाँटच्या खिडकीत दुसरा खण दिसतच नाही आणि माणूस एकच खण बदलत राहतो. मग `Normal` शैलीवर उजवी क्लिक, `Modify`, `Format`, `Font`. तिथे `Latin text` आणि `Complex scripts` असे दोन भाग दिसतील. आम्ही दोन्हींत Nirmala UI आणि आकार ११ ठेवला. त्या फाँटमध्ये रोमन आणि देवनागरी दोन्ही अक्षरं आहेत, त्यामुळे टिंब कोणत्याही खणातून आलं तरी टिंबच दिसतं. त्यानंतर मनोगत पूर्ण निवडून Ctrl+Space, म्हणजे वरून चिकटलेली अक्षरांची सजावट निघते, आणि Ctrl+Q, म्हणजे परिच्छेदाची. दोन्ही कळा मजकूर आपल्या शैलीकडे परत नेतात. ठळक केलेले शब्दही साधे होतात, ते पुन्हा ठळक करावे लागतात हे आधी सांगून ठेवते.

खरं तर जुनी फाइल पुसून नवी करण्याची ही पद्धतच मी बंद करायला लावली. मजकूर पुसला तरी शैली, समास, पानाखालचा मजकूर सगळं मागे राहतं. कोरी फाइल घ्यायची, शैलीतले दोन्ही खण एकदाच भरायचे, ती रिकामीच जपून ठेवायची आणि दरवर्षी तिची प्रत काढायची. याला दहा मिनिटं लागतात.

साधा मजकूर करूनही जे मागे लागतं

लसीकरणाच्या लेखात फाँट सरळ झाला, तरी दोन गोष्टी खटकत होत्या. काही ओळींत शब्द एकमेकांपासून हातभर लांब गेले होते, आणि एका जागी अर्धी ओळ मोकळी सोडून मोठा तुकडा खाली उतरला होता. अण्णा म्हणाले, "पुन्हा साधं करून बघतो." त्यानं काही होणार नव्हतं, कारण ही सजावट नव्हती. हीसुद्धा अक्षरंच आहेत, फक्त न दिसणारी, आणि नुसत्या अक्षरांबरोबर तीही येतात.

Ctrl+Shift+8 दाबलं की ती दिसू लागतात. परिच्छेद संपतो तिथे ¶ अशी खूण हवी. लेखात तिच्याऐवजी ↵ असा वाकडा बाण होता. हा बाण म्हणजे परिच्छेद न संपवता ओळ तोडणं, जे आपण Shift+Enter नं करतो. परिच्छेद दोन्ही समासांना भिडवलेला असेल तर वर्ड शेवटची ओळ सोडून प्रत्येक ओळ ताणतो, आणि बाणानं तुटलेली ओळ त्याच्या दृष्टीनं शेवटची नसते. चार शब्दांची ओळ असली तरी ती पानभर पसरते. उपाय Ctrl+H मध्ये: शोधायच्या चौकटीत `^l`, बदलायच्या चौकटीत `^p`. पत्ता किंवा कवितेच्या ओळी मुद्दाम बाणानं तोडलेल्या असू शकतात, त्यामुळे सगळं एकदम न बदलता एकेक बघत जा.

खाली उतरणारा तुकडा हे न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचं काम. वेबपानावर दोन शब्द एका ओळीत राहावेत म्हणून अशी जागा घालतात. वर्डमध्ये ती ठिपक्याऐवजी बारीक गोल, ° अशी दिसते. सलग सहा शब्दांत तीच असली की वर्डच्या लेखी तो एकच लांब शब्द होतो आणि अख्खा खालच्या ओळीवर जातो. इथे `^s` शोधून साधी स्पेस घालायची.

अशी अक्षरं काढून टाकण्याचा दावा करणारी साधनं इंटरनेटवर मिळतात. मराठीसाठी ती वापरताना हात आखडता घ्या. 'शेतकऱ्यांना' मधला ऱ्य दोन प्रकारे साठवला जातो. एकात ऱ हे अक्षर, हलन्त आणि य असतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा एक जोडक आणि य. दिसायला दोन्ही सारखे. साधनानं तो जोडक कचरा समजून काढला की दुसऱ्या प्रकारातल्या शब्दाचं 'शेतकर्यांना' होतं, रफारासकट. अण्णांनी असं एक साधन वापरलेलं होतं. दूध संस्थेच्या अहवालात हा शब्द प्रत्येक पानावर येतो, म्हणून लक्षात आलं. वाङ्मयीन स्मरणिकेत कदाचित छापून गेलं असतं. मजकूर गोळा झाला की 'र्य' शोधून 'दुसर्या', 'करणार्या', 'शेतकर्यांना' राहिलेत का ते मी आता हमखास बघते. 'कार्य', 'सूर्य' त्या शोधात येतील, ते बरोबर आहेत.

साध्या मजकुराचा एक तोटाही याच लेखात दिसला. त्यात लसींचं वेळापत्रक तक्त्यात होतं. नुसती अक्षरं घेतल्यावर तक्ता मोडून एकाखाली एक शब्द आले. तक्त्यापुरतं `Merge Formatting` वापरावं, किंवा मजकूर एक्सेलमधून येत असेल तर खुशाल साधा करावा. एक्सेल रकान्यांमध्ये टॅब ठेवतो, त्यामुळे वर्डमध्ये `Insert > Table > Convert Text to Table` नं तो परत उभा राहतो. ताळेबंदाचे तक्ते आम्ही असेच आणले.

पानं आडवी झाली तर

गेल्या वर्षीच्या फाइलमधून अण्णांनी संकलनाचा तक्ताही थेट उचलला होता, कपड्यांसकट. ते पान आडवं होतं. पेस्ट केल्याबरोबर त्याच्या वरची मनोगताची पानंही आडवी झाली, आणि तक्ता वगळता काहीच हलवलं नसल्यानं अण्णा चक्रावले. पानाचा आकार, दिशा आणि समास वर्ड विभागाच्या शेवटी असलेल्या विभागखुणेत साठवतो, आणि ती खूण तिच्या *वरच्या* मजकुराला लागू होते. तक्त्याबरोबर ती खूणही निवडली गेली होती. `View > Draft` मध्ये गेलं की ती `Section Break` अशा नावानं आडव्या दुहेरी रेघेत दिसते. आलेली खूण पुसली की वरची पानं खालच्या विभागाला जोडली जातात आणि खालचा विभाग उभा असेल तर ती पुन्हा उभी होतात. पुढच्या वेळी फक्त तक्ता निवडायचा, त्याच्याखालची रिकामी ओळसुद्धा सोडायची.

पीडीएफमधल्या मराठीबद्दल एकच सांगते: लेखापरीक्षकांचं पत्र पीडीएफमध्ये आलं होतं, त्यातून कॉपी केलेल्या मजकुरात काने-मात्रा विस्कटल्या होत्या. पीडीएफ अक्षरांची चित्रं सांभाळते, त्यांच्यामागचा मजकूर नीट असेलच असं नाही. कोणत्याही प्रकारे पेस्ट केलं तरी ते सुधारत नाही. मूळ वर्ड फाइल मागवावी, ती नसेल तर टाइप करावं. आम्ही पत्र टाइप केलं, एकच पान होतं.

सगळं जुळल्यावर छपाईसाठी पीडीएफ काढली आणि रीडरमध्ये `File > Properties > Fonts` उघडलं. तिथे फाइलमध्ये खरोखर वापरलेल्या प्रत्येक फाँटचं नाव येतं. आम्हाला फक्त Nirmala UI दिसायला हवा होता. यादीत कृतिदेवही होता. डोळ्यांनी चोवीस पानं चाळून काही सापडेना, तेव्हा वर्डमध्ये Ctrl+H, `More`, `Format`, `Font` घेऊन `Latin text` मध्ये Kruti Dev 010 निवडला आणि शोधायची चौकट रिकामी ठेवून शोध लावला. ताळेबंदाच्या शेवटच्या तक्त्यात, '२०२३-२४' मधली आडवी रेघ टिंबासारखी दिसत होती. कृतिदेवमध्ये त्या रेघेच्या जागी पूर्णविराम असतो. अण्णा फोनवर होते, त्यांना ती ओळ वाचून दाखवली. "मला ते छपाईतला डाग वाटलावता," ते म्हणाले. रेघ निवडून Ctrl+Space दाबलं, पीडीएफ पुन्हा काढली, यादीत एकच नाव उरलं, आणि फाइल छापखान्यात गेली.